दोनावर तीन तेवीस

माझी नात दुसरीत आहे, मराठी माध्यमात. गेल्या वर्षी पावसाळ्यात तिच्या वर्गपाठाच्या वहीवर बाईंनी लाल शाईत शेरा लिहून पाठवला : ‘संख्या उलट्या लिहिते. घरी सराव घ्यावा.’ सूनबाईंनी वही माझ्यापुढे ठेवली. मी जन्मभर महाविद्यालयात भाषाशास्त्र शिकवलेला माणूस. गणिताशी माझा संबंध किराणा आणि पेन्शनपुरता. तरी निवृत्त आजोबाला वेळ असतो, या न्यायाने काम माझ्याकडे आले.

ते घेताना मनात एक जुनी टोचणी होती. २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीने ‘वीस सात’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर जी चेष्टा झाली तिच्यात मीही हिरिरीने सामील होतो. ‘बावन्न पत्त्यांना आता पन्नास दोन पत्ते म्हणायचे का?’ असे विनोद मी चहाच्या टेबलावर केले होते. भाषेचा अभ्यासक म्हणून मला तो मराठीवरचा अत्याचार वाटला होता. आज त्या वादाकडे पुन्हा पाहताना मला वाटते, की चेष्टा करणाऱ्यांना रोगच कळला नव्हता आणि पुस्तकाला रोग कळला असला तरी औषध अपुरे होते. हे मत कसे बनले, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी वही. मी नातीला कोरा कागद दिला आणि दहा संख्या सांगितल्या : पस्तीस, बासष्ट, एकोणपन्नास, सत्तावीस, चव्वेचाळीस, अठरा, चौऱ्याण्णव, सत्तर, एक्याऐंशी, एकोणतीस. तिने लिहिले : ५३, २६, ५९, २७, ४४, १८, ४८, ७०, १८, २९. दहापैकी पाच बरोबर, पाच चूक. शाळेच्या हिशेबात पन्नास टक्के; पण मला त्या कागदावर वेगळेच काही दिसू लागले. अठरा आणि एक्याऐंशी या दोन्हींसाठी तिने १८ लिहिले होते आणि एकाच कागदावर तीच संख्या दोनदा आल्याचे तिला काहीच वाटले नव्हते.

चुकांकडे नीट पाहिले तर त्या एका जातीच्या नाहीत. पस्तीसचे ५३, बासष्टचे २६ आणि एक्याऐंशीचे १८ या तीन चुका एका प्रकारच्या. मराठी शब्दात एकक आधी ऐकू येतो, दशक नंतर. ‘पस्तीस’मध्ये आधी पाच, मग तीस. मुलीने कानाला आले त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे लिहिले. तिने ऐकले बरोबर, लिहिलेही प्रामाणिकपणे. फक्त आपले बोलणे एका दिशेने जाते आणि लिहिणे दुसऱ्या.

एकोणपन्नासचे ५९ ही दुसरी जात. तिला कोणीतरी शिकवले होते, की ‘एकोण’ आले की शेवटी नऊ. ते तिने नीट लक्षात ठेवले. मग ‘पन्नास’ ऐकू आले, म्हणून पाच. पाच आणि नऊ, ५९. खरे म्हणजे तिच्या तर्कात खोट नाही. या शब्दात नऊचा उच्चार नाही आणि ज्या चाळीशीत ही संख्या राहते त्या चाळीसचाही नाही. जे दोन अंक लिहायचे त्यांपैकी एकही कानावर पडत नाही, अशी ही संख्या आहे. एकोण म्हणजे ‘एकाने ऊन’, एक कमी. ही वजाबाकी शब्दात जिवंत आहे, पण सात वर्षांच्या मुलाला ती कोणी उघडून दाखवत नाही. काही मुले हाच शब्द ऐकून ५१ लिहितात, कारण त्यांना सुरुवातीचा ‘एक’ ऐकू येतो. एकोणतीस आणि एकतीस यांत तर एका अक्षराचा फरक.

चौऱ्याण्णवचे ४८ ही तिसरी जात, आणि तीत दोन चुका एकमेकींवर बसल्या आहेत. ‘चौऱ्या’ हे शब्दाचे डोके तिला ओळखता आले, पण ‘ण्णव’ हे शेपूट ऐंशीचे की नव्वदचे, यात ती घसरली. चौऱ्याऐंशी धरली आणि मग नेहमीप्रमाणे उलटी लिहिली.

बरोबर आलेल्या पाचांचेही फार कौतुक करण्यात अर्थ नव्हता. ४४ उलटे लिहिले तरी ४४च. ७० मध्ये एकक नाही, म्हणून गोंधळायला जागा नाही. अठरा, सत्तावीस आणि एकोणतीस तिला पाठ होते, कारण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज तारीख बघायचे काम तिचे. त्यातही २७ लिहिताना तिची पेन्सिल मी पाहिली होती : तिने आधी ७ लिहिला, डावीकडे जागा सोडून, आणि मग मागे येऊन २. उत्तर बरोबर, वाट उलटी. मी तिला मोबाइलमधल्या गणकयंत्रावर सत्तावीस दाबायला सांगितले. तिथे डावीकडे जागा सोडता येत नाही. पडद्यावर ७२ आले. ज्यांना आपल्या मुलाचे नेमके काय चालले आहे ते पाहायचे असेल त्यांनी एवढे करावे : उत्तर न बघता पेन्सिल बघावी, आणि मग तीच संख्या गणकयंत्रावर दाबायला सांगावी.

पण यापुढची परीक्षा जास्त महत्त्वाची होती. मी तिला पस्तीस काड्या मोजायला लावल्या. तिने एकेक करून अचूक मोजल्या. मग मीच कागदावर ३५ लिहून विचारले, “यातल्या ५च्या काड्या दाखव.” तिने पाच बाजूला काढल्या. “आता या ३च्या दाखव.” तिने तीन काढल्या. “मग या उरलेल्या सत्तावीस कोणाच्या?” ती काड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “त्या जास्तीच्या आहेत, आबा.”

इथे माझ्या ध्यानात आले, की बाईंचा शेरा अपुरा आहे. संख्या उलट्या लिहिणे हे वरचे लक्षण. खाली असे आहे, की ३५मधला ३ म्हणजे तीन दहा, हेच तिच्या मनात उभे राहिलेले नाही. आणि ते उभे राहायला भाषेकडून जी मदत मिळायला हवी ती मराठीत मिळत नाही. चिनी मुलाला पस्तीस म्हणताना ‘तीन दहा पाच’ असेच म्हणावे लागते. तिथे संख्येचे नाव हेच तिचे स्थानिक किमतीचे वर्णन असते. कन्नड, तेलुगू, तमिळ मुलाला निदान दशक आधी ऐकू येतो. मराठी मुलाला एकपासून शंभरपर्यंत जवळजवळ शंभर शब्द स्वतंत्रपणे पाठ करावे लागतात आणि त्या शब्दांच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही.

ते का दिसत नाही, हा माझ्या विषयाचा भाग. एकक आधी बोलण्याची रीत संस्कृतातून आली : द्वाविंशति म्हणजे दोन आणि वीस. संस्कृतात हे जोड नीट दिसतात. प्राकृतातून येताना मात्र प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे झिजला. दोनचे बावीसमध्ये ‘बा’, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’, ब्याऐंशीत ‘ब्या’ झाले. दशकांचेही तसेच. वीस, तीस, चाळीस आणि ऐंशी ही चार नावे आपापल्या घरात बहुतेक शाबूत राहिली. बेचाळीसमध्ये चाळीस स्पष्ट ऐकू येते. पण पन्नासचे बावन्नमध्ये ‘वन्न’ आणि त्रेपन्नमध्ये ‘पन्न’ झाले, साठचे ‘सष्ट’, सत्तरचे ‘हत्तर’ आणि नव्वदचे ‘ण्णव’. अकरा ते अठरा यांत तर दहा ओळखूच येत नाही. एकोणची रीत एकोणनव्वदपर्यंत नेमाने चालते आणि नव्याण्णवला मोडते, कारण तिथे संस्कृतातले ‘नवनवति’ टिकले. भाषाशास्त्राच्या तासाला मी या झिजेचे रसभरीत वर्णन करीत असे. तिचा भार नेमका सात वर्षांच्या मुलांवर पडतो, हे मला नातीच्या कागदाने सांगितले.

हा त्रास आपल्या एकट्याचा नाही. जर्मन भाषेतही ‘पाच आणि तीस’ असेच म्हणतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या सांगून लिहायला लावल्या, तेव्हा त्यांच्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशी निगडित निघाल्या; झुबर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००९चा. चेक भाषेची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे दोन्ही रीती चालतात : ‘पाच-आणि-तीस’ आणि ‘तीस पाच’. तिथल्या मुलांना दोन्ही रीतींनी संख्या सांगितल्या, तेव्हा अंक उलटण्याच्या चुका मुख्यतः पहिल्या रीतीत झाल्या. मुले तीच, देश तोच, फक्त शब्दातला क्रम बदलला. क्रमाचा दोष मुलांच्या बुद्धीवर ढकलण्याची सोय या अभ्यासाने उरत नाही.

नॉर्वेने तर १९५१ साली संसदेच्या निर्णयाने संख्या बोलण्याचा क्रम बदलला. कारण शाळेचे नव्हते, टेलिफोनचे होते : लोक क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोडीने सांगत आणि ऐकणारा उलटे लिहून घेई. शाळेत आणि सरकारी कामात नवी रीत आली. पण जुनी रीत मेली नाही; नॉर्वेत आजही घरोघरी ती ऐकू येते. कायद्याने पाठ्यपुस्तक बदलते, आजीचे बोलणे बदलत नाही.

हे सारे डोळ्यांपुढे ठेवून २०१९चे ते पुस्तक पुन्हा वाचावे. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांची भूमिका साधी होती : मुलांना जोडाक्षरांचे शब्द आणि उलटा क्रम अवघड जातो, दाक्षिणात्य भाषांत दशक आधी बोलतात, तेव्हा जुन्या शब्दांबरोबर ही सोपी रीतही द्यावी. जुने शब्द पुस्तकातून काढलेले नव्हते. पण हे वाचायला कोणाला सवड होती? विधानसभेपासून व्हॉट्सअॅपपर्यंत आडनावांचे आणि म्हणींचे विनोद झाले. एकाही विनोदात ३५चे ५३ लिहिणारे मूल नव्हते. माझ्याही नव्हते.

आता माझी तक्रार. ही रीत क्रमाची अडचण सोडवते, जोडाक्षरांची सोडवते, एकोणचीही सोडवते. पण ती स्थानिक किंमत शिकवत नाही, आणि त्या पुस्तकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती शिकवते असे गृहीत धरले. मी नातीला म्हटले, “पन्नास सात लिही.” तिने क्षणभरही न थांबता ५०७ लिहिले. तिचे चुकले कुठे? पन्नास म्हणजे ५०, सात म्हणजे ७, एकापुढे एक ठेवले. शब्दाचा क्रम सरळ झाला, तरी ५० मधले शून्य सातला जागा करून देण्यासाठी आहे, हे शब्दाने सांगितले नाही. शिवाय ‘पन्नास’मध्ये पाचाचा अस्पष्ट भास असला तरी ‘पाच दहा’ नाहीत. चिनी मुलाला जे फुकट मिळते त्याच्या अर्ध्या वाटेवर ‘पन्नास सात’ येऊन थांबते. दुसरे असे, की ही रीत वर्गाच्या दाराबाहेर कोणी बोलत नाही. भाजीवाला ‘पस्तीस रुपये’ म्हणणार, कंडक्टर ‘सत्तावीस’ म्हणणार. नवी नावे शिकवून जुन्यांकडे जाणारा पूल बांधला नाही, तर मुलाला दोन भाषा सांभाळाव्या लागतात.

तो पूल कसा बांधायचा, याचा विचार करताना मला माझ्याच बालपणीची उजळणी आठवली. आम्ही ओट्यावर ओळीने बसून मोठ्याने म्हणत असू : एकावर शून्य दहा, एकावर एक अकरा, एकावर दोन बारा, पुढे दोनावर तीन तेवीस, तिनावर पाच पस्तीस. सूनबाईंना विचारले तर त्याही हेच म्हणत मोठ्या झालेल्या. नातीला म्हणून दाखवायला सांगितले, तर तिने न अडखळता शंभरपर्यंत म्हटले!

या उजळणीकडे मी कधी लक्ष देऊन पाहिले नव्हते. ‘तिनावर पाच’ यात दशक आधी आहे, एकक नंतर, म्हणजे लिहिण्याचा क्रम. आणि लगेच ‘पस्तीस’, म्हणजे बोलण्याचा शब्द. प्रत्येक संख्येची सरळ रीत आणि वाकडे नाव शेजारी शेजारी, एका दमात. बाहेरून आणावी असे आपण जे म्हणत होतो ते मराठी शाळेत पिढ्यान् पिढ्या म्हटले जात होते. २०१९च्या वादात जे काही माझ्या वाचनात आले, त्यात दोन्ही बाजूंपैकी कोणी उजळणीचे नाव काढल्याचे मला आठवत नाही.

मग नातीला उजळणी येत असून ३५चे ५३ का? याची दोन कारणे मला दिसली. एक, उजळणी ती गाण्यासारखी म्हणते. ‘तिनावर चार चौतीस’ झाले की पुढे ‘तिनावर पाच पस्तीस’ येते. पण सुटा ‘पस्तीस’ कानावर पडला तर मागचा ‘तिनावर पाच’ हाताशी येत नाही. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे ‘तिनावर’ म्हणजे कशावर? तीन काय? उजळणी अंकांची नावे सांगते, वस्तूंची नाही. पाटीवर ३ काढा आणि त्याच्यापुढे ५ काढा, एवढीच ती आज्ञा आहे. म्हणूनच उजळणी घोकूनही पिढ्यान् पिढ्या मुले हातचा का घ्यायचा ते न कळता हातचा घेत राहिली.

तेव्हा आम्ही एकच बदल केला. ‘तिनावर पाच’च्या आधी ‘तीन दहा नि पाच’ आणले. पण ते तोंडाने नाही, हाताने. रोज संध्याकाळी वीस मिनिटे, असे सहा आठवडे चालले. ते क्रमाने सांगतो.

पहिले दोन आठवडे लिहिणे बंद. खराट्याच्या काड्या समान तोडून घेतल्या, दहा झाल्या की रबर लावून जुडी. नियम एकच : जुडीत दहाच, नऊ नाहीत आणि अकरा नाहीत. मी मूठभर काड्या टाकायचो, तिने जुड्या बांधून सांगायचे : “तीन दहा नि पाच.” ‘पस्तीस’ हा शब्द इथे मी मुद्दाम उच्चारला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत ती जुडी असूनही आतल्या काड्या पुन्हा एकेक मोजत असे. जुडी न उघडता ‘दहा, वीस, तीस’ म्हणू लागली तो दिवस मी वहीत लिहून ठेवला आहे. तो अकरावा दिवस होता. घाई केली असती तर पुढचे सारे पोकळ झाले असते.

तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या केल्या. १० ते ९० लिहिलेल्या नऊ रुंद पट्ट्या, आणि १ ते ९ लिहिलेल्या नऊ अरुंद, बरोबर शून्याच्या रुंदीच्या. तीन जुड्या आणि पाच सुट्या काड्या मांडल्या की ३०ची पट्टी ठेवायची आणि तिच्या शून्यावर ५ची पट्टी बसवायची. दिसते ३५, ५ उचलला की खाली ३० आहेच. ५०७ची चूक इथे आपोआप गेली. तिने स्वतःच पट्टी वरखाली करून पाहिली आणि म्हणाली, “शून्य गेलं नाही, खाली लपलंय.” ज्या घरात जुड्या-काड्या जमवणे जड वाटेल तिथे दहाच्या नोटा आणि एकाची नाणीही चालतात, पण एक अडचण आहे. नोट उघडून तिच्यातून दहा रुपये बाहेर काढता येत नाहीत, जुडी सोडता येते. म्हणून आधी जुडी, मग नोट.

चौथ्या आठवड्यात शब्द आले, आणि तेही ठरावीक क्रमाने. अकरा-बारापासून सुरुवात न करता आम्ही चाळीशीपासून केली, कारण तिथे दशक शब्दात सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो. जुड्या मांडायच्या आणि एका दमात म्हणायचे : “चार दहा नि दोन, चारावर दोन, बेचाळीस.” मग तीस, वीस आणि ऐंशीची घरे. ती बसल्यावर झिजलेली चार घरे : पन्नास, साठ, सत्तर, नव्वद. अकरा ते अठरा सर्वांत शेवटी, कारण त्यांत शोधण्यासारखे काही उरलेले नाही; ती नावे माणसांच्या नावांसारखी पाठच करावी लागतात.

याच वेळी ‘शेपूट ऐकायचे’ हा खेळ सुरू झाला. मी सुटा शब्द म्हणायचो, तिने काही लिहायचे नाही. फक्त शेपूट कोणत्या घराचे ते सांगून तितक्या जुड्या उचलायच्या. ‘बासष्ट’, शेपूट ‘सष्ट’, सहा जुड्या. ‘त्र्याहत्तर’, शेपूट ‘हत्तर’, सात जुड्या. मग डोके : ‘बा’, दोन सुट्या. शब्द पूर्ण होईपर्यंत हात थांबवणे हीच यातली खरी शिस्त होती. पूर्वी ती ‘बा’ ऐकताच २ लिहून मोकळी होत असे. आता आधी शेपूट, म्हणून दशकाचा अंक डावीकडे आधी लिहिला जाऊ लागला. शंभर नावांचे ओझे आठ शेपटांवर आणि काही डोक्यांवर आले.

पाचवा आठवडा सगळा एकोणला दिला. पाच जुड्या मांडल्या. “हे पन्नास. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी. कर एक कमी.” तिने जुड्यांकडे पाहिले. एक काडी काढायची तर जुडी सोडावी लागणार. सोडली, एक काडी मला दिली. उरल्या चार जुड्या आणि नऊ सुट्या. तिने पट्ट्या लावल्या : ४०, वर ९. मग ती हसली. पन्नास म्हणता म्हणता संख्या चाळीसच्या घरात कशी जाते, हे तिने हाताने केले होते. ‘एकोण म्हणजे शेवटी नऊ’ हा नियम मी तिला विसरायला सांगितला नाही. आता त्याची गरज उरली नव्हती. पुढे शाळेत वजाबाकीत दशक सुटा करायचा प्रसंग येईल तेव्हा ही सोडलेली जुडीच उपयोगी पडेल. ज्या शब्दाला आपण मुलांचा शत्रू समजतो, त्याच्याच पोटात वजाबाकीचा धडा आहे. ‘चाळीस नऊ’ म्हटले की तो धडा टळतो.

सहाव्या आठवड्यात पुन्हा तोच कागद, त्याच दहा संख्या. नऊ बरोबर. एक्याऐंशीचे पुन्हा १८ झाले, पण लिहिल्यावर ती थांबली, वरच्या अठराकडे पाहिले आणि म्हणाली, “हे दोन्ही सारखे कसे?” आणि खोडून ८१ केले. म्हणून ते मी बरोबरच धरतो. चौऱ्याण्णव चुकले, पण ८४ असे. म्हणजे क्रम सुधारला होता, शेपूट अजून घसरत होते. सदुसष्ट आणि अडुसष्ट यांची गल्लत मी नंतर मुद्दाम विचारली तेव्हा निघाली. ती अजून आहे. ३५ काड्यांचा प्रश्न विचारला तेव्हा तिने ३साठी तीन जुड्या पुढे केल्या आणि “जास्तीच्या?” या माझ्या प्रश्नाकडे, आबांना काहीच कळत नाही अशा नजरेने पाहिले.

एका मुलीच्या सहा आठवड्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणतो. तिच्याजवळ रोज वीस मिनिटे बसणारा आजोबा होता. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना ते कसे जमावे? पण वर्गात निदान तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. उजळणी आहेच, तिच्या आधी ‘तीन दहा नि पाच’ एवढे चार शब्द वाढवावेत आणि म्हणताना समोर जुड्या असाव्यात. दुसरीच्या पुस्तकात ‘तीस पाच’ आणि ‘पस्तीस’ यांच्याबरोबर, त्यांच्या आधी, ‘तीन दहा नि पाच’ असावे, म्हणजे त्या पुस्तकाची अर्धी राहिलेली वाट पूर्ण होईल. आणि श्रुतलेखन तपासताना ५३, ५९ आणि ४८ या तिन्हींवर एकच लाल फुली मारू नये. त्या तीन वेगळ्या चुका आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

राहता राहिला भाषेचा प्रश्न, ज्यासाठी मी २०१९ साली एवढा तावातावाने बोललो होतो. बावन्न, छप्पन्न, नव्याण्णव हे शब्द टिकावेत असे मला आजही वाटते. पण ते कोणापासून वाचवायचे आहेत? आमच्या सोसायटीतली मराठी घरांतली मुले खेळताना गुण मोजतात ते ‘फिफ्टी थ्री, फिफ्टी फोर’ असे. दुकानदार ‘त्रेसष्ट’ म्हणाला की ती विचारतात, “म्हणजे सिक्स्टी थ्री ना?” ही मुले ‘साठ तीन’कडे गेलेली नाहीत, त्यांनी मराठी संख्याच सोडली आहे, आणि सोडण्याचे कारण त्यांच्या दृष्टीने अगदी व्यवहारी आहे. ज्या शब्दाने आपण वर्गात वेडे ठरतो तो शब्द मूल कशाला जवळ ठेवील? पस्तीस हा शब्द राखायचा असेल तर तो उलगडून हातात द्यावा लागेल.

परवा नात दूध आणायला माझ्याबरोबर आली होती. दुकानदाराने “एकोणसत्तर झाले” असे सांगितले. तिने माझ्या हातातल्या नोटा पाहिल्या, सात दहा मोजले, त्याच्या हातात ठेवले आणि हात पुढे करून उभी राहिली. “एक परत द्या, काका,” ती म्हणाली.